नऊने भाग गेला की

"ट्रायल बॅलन्सचा फोटो पाठवलाय. नावे-जमा जुळत नाही. तुम्ही नुसत्या फोटोवरून चूक कशी पकडता?"

आधी खाली लिहिलेल्या बेरजा बाजूला ठेवतो आणि दोन्ही रकान्यांची बेरीज स्वतः करतो. ती कागदावरच्या बेरजेशी जुळली, तर निदान मी आकडे नीट वाचलेत एवढी खात्री होते. नेमका ५० किंवा ५,००० चा फरक आला, तर अंधूक फोटोत इंग्रजी तीनचा आठ वाचला गेलाय का, ते मोठं करून बघतो. ती चूक हिशेबातली नाही, माझ्या डोळ्यांची.

मागे आलेल्या एका फोटोत नावे ३,८१,८१० आणि जमा ३,७७,३१० होतं. फरक ४,५००, नावे बाजू जास्त. जमेची रक्कम चुकून नावे रकान्यात बसली असती, तर तिथे फरकाच्या निम्मी, म्हणजे २,२५० ची ओळ सापडली असती. नव्हती. मग ४,५०० ला नऊने भागलं. आले ५००, बाकी शून्य.

शेजारचे दोन अंक उलटे पडले की फरक नऊच्या पटीतच येतो. २७ चे ७२ झाले की ४५ वाढतात, म्हणजे पाच नव्वे. आणि सात-दोनमधलं अंतरही पाचच. इथे भागाकार ५००, म्हणजे शतक आणि हजार या जागांवरचे अंक उलटलेत आणि त्यांच्यात पाचाचं अंतर आहे. नावे बाजू फुगलीय, तेव्हा तिथे हजाराचा अंक शतकापेक्षा पाचने मोठा हवा. (जमेकडे याच्या उलट.) रोख १८,४५०: आठ-चार, नाही. बँक ६२,३००: नाही. उधारी येणे ४७,२६०: सात-दोन! बाकीच्या ओळींत, जमेकडेही, असं कुठेच नव्हतं. ५०० चे ५,००० लिहिले गेले तरी फरक ४,५०० च येतो, पण ५,००० ची ओळच नव्हती.

तरीही "दुरुस्त करा" असं लगेच कळवलं नाही. उलटापालट खतावणीत एखादी नोंद चढवतानाच झाली असेल, तर खात्याची शिल्लक बिघडते, पण उलटे अंक शिलकेत दिसत नाहीत; मग ४७,२६० निव्वळ योगायोगाने संशयात सापडलेली असू शकते. म्हणून उधारीच्या खतावणीच्या पानाचा फोटो मागवला. शिल्लक निघाली ४२,७६०. ट्रायलमध्ये उतरवताना अंक उलटले होते.

नऊने भाग गेला नसता, तर हा रस्ता तिथेच सोडला असता. दोन चुका एकमेकींत मिसळल्या की फरकाचा आकडा काहीच बोलत नाही, आणि चुकीची रक्कम दोन्ही बाजूंना सारखीच चढली असेल तर फरकच पडत नाही. तेव्हा मी सरळ व्हाउचर मागतो.