स्टॉक रॉम टाकली तरी बँकेचं ॲप उघडेना: बूटलोडर परत लॉक करण्याचा माझा अनुभव

माझ्या पिक्सेल फोनचं बूटलोडर, म्हणजे फोन चालू करताच सिस्टम सुरू करून देणारा छोटा प्रोग्रॅम, मी बराच काळ उघडं ठेवलं होतं. कस्टम रॉम म्हणजे कंपनीबाहेर कुणी बनवलेली सिस्टम वापरायची होती, रूट म्हणजे सिस्टमवरचा पूर्ण ताबा हवा होता आणि दोन्ही गोष्टी मला मनापासून आवडायच्या. बँकेचं ॲप तेव्हाही कुरकुर करायचं, पण हे सगळं त्याच्यापासून लपवणारं एखादं मॉड्यूल टाकलं की गप्प बसायचं. मग एका अपडेटनंतर ते कायमचंच अडलं. स्क्रीनवर इतकंच येई की हे उपकरण सुरक्षित नाही, आणि त्याखाली 'बंद करा' हे एकच बटण. बँकेच्या मदत केंद्राने ॲप काढून परत टाकायला सांगितलं. त्याने काही होणार नाही हे मला माहीत होतं, तरी करून पाहिलं.

शेवटी कंटाळून रूट काढलं आणि कंपनीची मूळ स्टॉक रॉम टाकली. फोन अगदी डब्यातून काढल्यासारखा झाला. तरीही ॲपचं उत्तर तेच! आता फोनमध्ये बाहेरचं काहीच नाही, मग हे अडतंय कशाला?

याचं उत्तर मला एका छोट्या ॲपमध्ये सापडलं. फोनच्या सुरक्षा चिपमधून निघणारं, फोनच्या अवस्थेचा पुरावा देणारं 'की अटेस्टेशन'चं प्रमाणपत्र ते उलगडून दाखवतं. त्यात 'रूट ऑफ ट्रस्ट' या भागात दोन ओळी होत्या:

```
deviceLocked: false
verifiedBootState: Unverified
```

रॉम मूळ, सही कंपनीची, आणि तरी 'अनव्हेरिफाइड'. हे चुकीचं वाटतं, पण चुकीचं नाही. बूटलोडर लॉक असतं तेव्हा ते प्रत्येक बूटच्या वेळी सिस्टमची सही तपासतं आणि सही जुळली नाही तर फोन सुरूच होऊ देत नाही. उघडं असतं तेव्हा सही जुळो न जुळो, ते फोन चालू करतं. म्हणजे आत्ता आत मूळ रॉम असेल, पण तसं असण्याची सक्ती कुणी करत नाहीये. म्हणून उघडं बूटलोडर आत काय आहे ते न बघता स्वतःची अवस्था 'नारिंगी' सांगतं. अँड्रॉइडमध्ये या अवस्थांना रंगच दिलेत: हिरवा म्हणजे लॉक आणि कंपनीची सही, पिवळा म्हणजे लॉक पण सही वापरणाऱ्याने घातलेल्या किल्लीची, नारिंगी म्हणजे उघडं, आणि लाल म्हणजे चालू करण्याजोगं काही सापडलं नाही. फोन सुरू होताना येणारा तो इशाऱ्याचा पडदा, ज्याची आपल्याला सवय होऊन जाते, तो या नारिंगीचाच.

आता महत्त्वाचा भाग. ही अवस्था बूटलोडर अँड्रॉइड सुरू होण्याआधीच सुरक्षा चिपच्या हवाली करतं. नंतर अँड्रॉइडमधून मागितलं की चिप ती प्रमाणपत्रात घालते आणि स्वतःच्या किल्लीने सही करते. त्या सहीची साखळी गूगलच्या मूळ प्रमाणपत्रापर्यंत जाते. बँकेचं ॲप प्ले इंटिग्रिटी या गूगलच्या तपासणी सेवेकडे विचारणा करतं, उत्तर कूटबद्ध होऊन बँकेच्या सर्व्हरवर उलगडलं जातं आणि निर्णय तिथे होतो. फोनमध्ये बसून ॲपला फसवण्यात म्हणूनच अर्थ उरत नाही.

पूर्वी मॉड्यूल चालायची त्याला कारण होतं. चिपकडून पुरावा मागणं सगळीकडे सक्तीचं नव्हतं, त्यामुळे आपला फोन जुन्या मॉडेलचा आहे असं भासवलं की सॉफ्टवेअरच्या तपासणीवर भागायचं. मे २०२५ पासून अँड्रॉइड १३ आणि पुढच्या फोनांवर `MEETS_DEVICE_INTEGRITY` हा शेरा मिळवायलाही चिपचा पुरावा लागतो. त्यावर लोकांनी दुसऱ्या फोनांमधून फुटलेल्या किल्ल्या वापरायला सुरुवात केली. त्या किल्ल्या सापडल्या की गूगल रद्द करतं, आणि आज चाललेली युक्ती उद्या सकाळी बंद. पगाराच्या खात्यासाठी मला असला खेळ नको होता.

तेव्हा लॉक करायचं ठरलं. आज्ञा एका ओळीची आहे, पण ती कधी द्यायची यावर सगळं अवलंबून आहे. बूटलोडर लॉक झालं की आतल्या प्रत्येक भागाची सही तपासली जाणार. एखाद्या कोपऱ्यात बदललेली बूट इमेज राहिली असेल, तर उघड्या अवस्थेत निमूट चालणारा फोन लॉक होताच 'उपकरण खराब झालंय, विश्वास ठेवता येत नाही' असं सांगून थांबतो. त्यातून विकासकांसाठीच्या पर्यायांमधलं 'ओईएम अनलॉकिंग' बंद असेल, तर परत उघडायची वाटही उरत नाही.

माझ्या फोनमध्ये असा कोपरा होता. पिक्सेलमध्ये सिस्टमच्या दोन प्रती असतात, स्लॉट ए आणि बी. एकावरून फोन चालतो, दुसऱ्यावर अपडेट उतरतं. फॅक्टरी इमेजमधली `flash-all` स्क्रिप्ट चालू स्लॉट भरते. दुसऱ्यात मात्र माझी जुनी रूट केलेली इमेज तशीच पडून होती. एरवी तिचा त्रास नाही, पण चालू स्लॉट काही कारणाने सुरू झाला नाही तर बूटलोडर दुसऱ्याकडे वळतं आणि लॉक अवस्थेत तिथे लाल पडदा दिसतो. म्हणून स्टॉक एकदा सुरू करून घेतली, मग रिकव्हरीत जाऊन 'अप्लाय अपडेट फ्रॉम एडीबी' निवडलं आणि त्याच बिल्डची पूर्ण ओटीए, म्हणजे अपडेटची, फाइल चढवली:

```
adb sideload ota.zip
```

ओटीए नेहमी न वापरलेल्या स्लॉटवर उतरते आणि फोन त्यावरून सुरू होतो. दोन्ही स्लॉटवर एकच मूळ बिल्ड आली. इथे जुनी आवृत्ती टाकायचा मोह टाळावा. काही बूटलोडर मागे जाऊच देत नाहीत. २०२२ मध्ये पिक्सेल ६, ६ प्रो आणि ६ए वर अँड्रॉइड १३ टाकल्यावर अँड्रॉइड १२ कडे परतायचा रस्ता अशाच कुलपाने बंद झाला होता.

लॉक करताना फोन पूर्ण पुसला जातो, अनलॉक करताना जातो तसाच. दोन टप्प्यांच्या पडताळणीचे कोड, चॅटचे बॅकअप, फोटो हे सगळं आधी बाहेर काढलं. पडताळणीचं ॲप दुसऱ्या फोनवर हलवून तिथून एकदा खरंच लॉगिन करून पाहिलं, कारण बॅकअप आहे असं वाटणं आणि तो चालणं यात फरक असतो.

नंतर 'ओईएम अनलॉकिंग' चालू आहे ना ते पाहिलं आणि फोन बूटलोडरमध्ये नेला:

```
adb reboot bootloader
fastboot getvar unlocked
fastboot flashing get_unlock_ability
```

पहिल्या तपासणीचं उत्तर `yes` आलं. दुसरीचं १ आलं, आणि मला हेच बघायचं होतं. १ म्हणजे लॉक केल्यावर काही बिनसलं तर परत उघडता येईल. इथे ० असेल तर पुढे जाऊ नये, अँड्रॉइडमध्ये परत जाऊन ते बटण आधी चालू करावं. मग शेवटची आज्ञा:

```
fastboot flashing lock
```

संगणकावर फक्त ओके दिसतं, खरा प्रश्न फोनच्या पडद्यावर येतो. तिथे 'लॉक करू नका' हा पर्याय आधीच निवडलेला असतो. आवाजाच्या बटणाने पर्याय बदलायचा आणि पॉवर बटणाने मान्य करायचा. घाईत नुसतं पॉवर दाबलं तर काहीच होत नाही, आणि आज्ञा चालत नाही असं वाटत राहतं. लॉक झाल्यावर त्याच पडद्यावर खाली अवस्था `locked` दिसली. फोन सुरू झाला आणि या वेळी इशाऱ्याचा पडदा आला नाही.

बँकेचं ॲप टाकण्याआधी मी प्ले स्टोअरमध्ये तपासणी केली. सेटिंग्जमध्ये 'अबाउट'मध्ये आवृत्तीच्या ओळीवर सात वेळा टॅप केलं की विकासकांचे पर्याय उघडतात आणि तिथे इंटिग्रिटी तपासायचं बटण मिळतं. बेसिक, डिव्हाइस आणि स्ट्राँग, तिन्ही शेरे आले. स्ट्राँगसाठी अँड्रॉइड १३ पासून पुढे सुरक्षा अपडेटही वर्षभराच्या आतलं लागतं, म्हणून आधीच ताजी बिल्ड टाकल्याचा फायदा झाला. प्रमाणपत्रातल्या त्या दोन ओळी आता `true` आणि `Verified` झाल्या होत्या.

बँकेचं ॲप तरीही एकदा अडलंच, पण मजकूर वेगळा होता: यूएसबी डीबगिंग चालू आहे. फोन पुसला गेल्यावर ते मीच परत चालू केलं होतं. ही तपासणी ॲपची स्वतःची, इंटिग्रिटीशी तिचा संबंध नाही. दोन्ही मजकूर शेजारी ठेवून वाचले नाहीत तर माणूस भलतीकडेच शोधत बसतो. फोन एकदा नीट सुरू होतोय याची खात्री झाली होती, म्हणून आधी 'ओईएम अनलॉकिंग' बंद केलं आणि मग विकासकांचे पर्यायच बंद केले. ॲप उघडलं, मात्र फोन पुसला गेल्यामुळे बँकेकडे नोंदणी नव्याने करावी लागली.

लॉक करण्याचा बँकेशी संबंध नसलेला एक फायदा मला आधी फारसा वाटत नव्हता. उघड्या बूटलोडरचा फोन कुणाच्या हाती थोडा वेळ पडला, तर तो बदललेली बूट इमेज टाकून फोन परत ठेवू शकतो. डेटा तेव्हाही कूटबद्धच असतो, पण नंतर आपण पिन टाकतो तो त्या बदललेल्या सिस्टमसमोर. लॉक असताना तीच इमेज टाकायला आधी अनलॉक करावं लागतं, आणि त्यात सगळा डेटा पुसला जातो. पूर्वी दर वेळी दिसणारा तो इशारा नेमकं हेच सांगत होता, मी तो पॉवर बटण दाबून पुढे ढकलायचो.

कस्टम रॉमसकट लॉक करता येतं का, असं मला बरेच जण विचारतात. पिक्सेलवर येतं. ग्राफीनओएस तसंच करते, स्वतःची किल्ली घालून फोन लॉक करते आणि अवस्था पिवळी होते. चोरापासून संरक्षण मिळतं, पण गूगलने प्रमाणित केलेली सिस्टम नसल्यामुळे डिव्हाइस इंटिग्रिटीचा शेरा मिळत नाही. एखाद्या बँकेने त्या रॉमची किल्ली प्रमाणपत्रातून ओळखून परवानगी दिली तरच तिथे ॲप चालतं. इतर बऱ्याच फोनांवर तर वापरणाऱ्याची किल्ली घालायची सोयच नाही, आणि तिथे कस्टम रॉम ठेवून लॉक केलं तर फोन सरळ लाल पडद्यावर जातो. माझी कस्टम रॉम आता एका जुन्या फोनवर आहे, बूटलोडर उघडं ठेवून, आणि त्या फोनवर बँकेचं ॲप मी टाकलेलंच नाही.