मशीनची नव्हे, दोरीची पाळी

घाट उतरून गोव्यात आलो त्याला आता तीन वर्षं होतील. कोल्हापुरातल्या आमच्या आजीच्या लेखी मी परदेशीच आहे. तिचंही अगदीच चुकत नाही, १९६१ पर्यंत हा खरोखरच परदेश होता. पण मला इथे परक्यासारखं वाटायला लावलं ते भाषेने नाही की माशाच्या कढीने नाही, तर जुलैच्या पावसाने. आपल्याकडेही पाऊस पडतो, पण तिथे दोन दिवसांनी का होईना, तास-दोन तास ऊन दिसतं. इथे पर्वरीत आठ-आठ दिवस दिसत नाही. दोरीवर टाकलेला टॉवेल तिसऱ्या दिवशी वाळतो तरी, नाहीतर कुबटतो तरी.

फ्लॅटमध्ये आम्ही चौघं. वेर्ण्याच्या औद्योगिक वसाहतीत नोकरी करणारे दादा, शनिवारी कुडाळला घरी जाणारे. हॉटेलच्या किचनमधला शेफ. कॉलेजला जाणारा आणि संध्याकाळी चिखलात फुटबॉल खेळणारा धाकटा. आणि मी. मशीन एकच, घरमालकांचं, साडेसहा किलोचं टॉप लोड. भांडण झालं ते दादांच्या पांढऱ्या शर्टावरून. धाकट्याने जर्सी चिखलासकट मशीनमध्ये टाकली, पुढचं धुणं दादांचं होतं, आणि शर्ट बाहेर आला तो फिक्या विटकरी रंगाचा. त्या रात्री मी ग्रुपवर एक लांबलचक मेसेज टाकला. गावाकडचे मित्र मागत होते, म्हणून थोडा साफसूफ करून इथे देतो.

«मंडळी, रागावू नका, पूर्ण वाचा. दादा, तुमच्या शर्टाचं आधी बोलतो. इथल्या तांबड्या मातीत लोह असतं, त्यामुळे ती नुसती धूळ नाही, तिचा डाग बसतो. जर्सी ओली असताना चोळायची नाही. वाळू दे, गॅलरीत झटक, मग बादलीत भिजव आणि पाणी नितळ येईपर्यंत खळबळ. त्यानंतरच मशीन. आणि डाग दिसला म्हणून ब्लीच ओतू नकोस, लोहाचा डाग ब्लीचने आणखी पक्का होतो. शेफ, तुझ्या एप्रनचा तेलकटपणा थंड पाण्याच्या मशीनमध्ये निघत नाही, कितीही लिक्विड घाल. डागावर भांड्यांच्या लिक्विडचे दोन थेंब चोळ, दहा मिनिटांनी गरम पाण्याच्या बादलीत काढ. तो साबण मशीनमध्ये मात्र नको, फेस आवरत नाही.

आता पैशांचं. आतापर्यंत दोन लिटरची बाटली ४२० रुपयांना आणून आपण चौघांत १०५ वाटून घेत होतो. दिसायला सरळ आहे, पण दादा महिन्यात तीन वेळा मशीन लावतात आणि शेफ बारा वेळा. म्हणून माणशी नको आणि धुण्यामागेही नको, कारण कुणी चार बनियन धुतो, कुणी चादरी. हिशेब झाकणाचा ठेवूया. झाकणावरच्या रेघेपर्यंत ६० मिलि भरतं, ते पूर्ण भरलेल्या मशीनला पुरतं. अर्ध्या मशीनला अर्धं झाकण. बाटलीत अशी तेहतीस झाकणं बसतात, म्हणजे एक झाकण साधारण १३ रुपयांना पडतं. मशीनवर कॅलेंडर लटकवलं आहे, आपापल्या नावाखाली रेघ मारायची.

जुलैचा हिशेब मी आठवून केला आहे, चुकला असेल तर सांगा. दादा ३, शेफ १२, धाकटा १०, मी ७. एकूण ३२ झाकणं, बाटली संपत आली. दादांचे ३९ रुपये होतात, शेफचे १५६, धाकट्याचे १३० आणि माझे ९१. वरचे चार रुपये माझ्याकडून. शेफ, तुला जास्त वाटेल, पण यात तू अंदाजाने ओतलेलं धरलेलं नाही. जास्त साबणाने कपडे जास्त स्वच्छ होत नाहीत, काळ्या टी-शर्टावर पांढरे पट्टे येतात. खात्री करायची तर धुऊन झालेला एक कपडा साध्या पाण्याच्या बादलीत बुडवून पिळ. फेस आला तर साबण जास्त झाला किंवा मशीन गच्च भरलं होतं. वरून हात कपड्यांवर सहज फिरला पाहिजे, इतकी जागा ठेवायची. विजेचं वेगळं धरत नाही. थंड पाण्याच्या धुण्याला ती इतकी कमी लागते की रेघा मारण्यातच जास्त त्रास.

खरा घोळ मशीनचा नाहीच. मशीनला पाऊण तास लागतो, दिवसात दहा धुणी होतील. अडतं ते वाळवताना. गॅलरीत तीन दोऱ्या, पूर्ण धुण्याला दोन लागतात, आणि या हवेत कपडे दोन दिवस उतरत नाहीत. म्हणजे आठवड्याला गॅलरीत पाच धुणी, हॉलमधल्या स्टँडवर पंख्याखाली अजून दोन. सात झाली. जुलैत आपण आठवड्याला सातच्या वरच लावली आहेत, म्हणजे जागा थोडी कमीच पडतेय. त्यातून रविवारी तिघांनी एकदम लावलं की ओले कपडे एकावर एक चढतात आणि सगळ्यांचेच कुबटतात.

म्हणून पाळी दोरीची लावायची. शेफ सोमवार आणि शुक्रवार, मी बुधवार, धाकटा गुरुवारी स्टँडवर आणि रविवारी गॅलरीत, दादांना शनिवारी जायच्या आधी हवं तर स्टँड. अदलाबदल आपसांत करा, पण दोरी रिकामी आहे का ते बघूनच मशीन सुरू करा. धुणं संपल्यावर दोनदा पिळून घ्या, म्हणजे नुसतं स्पिन पुन्हा एकदा लावा. पाच मिनिटं जातात, पण वाळायचा वेळ बराच वाचतो. वाळलं की नाही ते बाहीवर पाहू नका, जीन्सच्या कमरेची शिवण आणि खिशाचं अस्तर चिमटीत धरून पाहा. तिथे गार लागलं तर अजून ओलं आहे.

आणि कपडे मशीनमध्ये विसरायचे नाहीत. संपल्यापासून अर्धा तास, त्यानंतर कुणीही ते बादलीत काढून ठेवेल, तक्रार चालणार नाही. आतले कपडे जाळीच्या पिशवीत घालून धुवा, म्हणजे काढणाऱ्याला संकोच नको. मशीनचं झाकण उघडं ठेवा, कचऱ्याची जाळी ज्याने शेवटी धुतलं त्याने साफ करायची. बिघाड झाला तर नाणी, पिना वगैरेंचा खर्च चौघांत, कारण नाणं कुणाचं हे नाण्यावर लिहिलेलं नसतं.»

शेवटच्या वाक्यामागे एक कथा आहे. मे महिन्यात मशीनमधलं पाणी बाहेर जाईना, मेकॅनिकने पंपातून दोन रुपयांचं नाणं काढलं आणि भेटीचे पाचशे घेतले. आम्ही चौघंही आपापला खिसा तपासत होतो.

उत्तरं मजेशीर आली. शेफने पंधरा मिनिटं काही लिहिलं नाही, मग विचारलं, "झाकण अर्धं भरलं तर अर्धी रेघ कशी मारायची?" म्हटलं, आडवी मार. धाकट्याने लगेच जर्सी बादलीत टाकली, ती दोन दिवस तिथेच राहिली आणि बादलीच कुबटली. 'भिजव' म्हटलं होतं, किती वेळ ते सांगायचं राहिलं होतं, ती माझी चूक. आता कॅलेंडरवर खाली लिहिलंय: भिजवणं एक तास. दादांनी फक्त एवढंच लिहिलं: "माझ्या चादरी मी कुडाळला नेतो. तुम्ही पोरं वाळवा."

ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात कॅलेंडरवर सहा उभ्या रेघा आणि दोन आडव्या आहेत. शेफच्या तीन, पूर्वीइतक्याच, पण झाकण आता मोजून भरतो. आज बुधवार, दोरी माझी. सकाळपासून पाऊस लागलाय, मांडवीच्या बाजूने काळं आहे, आणि सोमवारच्या शेफच्या जीन्सची कमर अजून गार लागतेय.