85 लाखांचा फ्लॅट, 18 लाखांचा विमा

शनिवारी दुपारी धायरीतलं एक जोडपं आलं. लग्नाला दीड वर्ष, फ्लॅटचा ताबा मिळून आठवडा. त्याने बसायच्या आधीच फाइल टेबलावर ठेवली. "काका, 85 लाखांची पॉलिसी करायची. अ‍ॅग्रीमेंट आणलंय."

"कार्पेट एरिया किती?"

तिने पान उलटून बोट ठेवलं. 60 चौरस मीटर.

मी कॅल्क्युलेटर पुढे सरकवला. "भारत गृह रक्षा पॉलिसीत घर पुन्हा बांधायला लागेल तेवढीच रक्कम धरतात. आत्ता अंदाजाने 30 हजार रुपये चौरस मीटर धरू. करा गुणाकार."

"18 लाख?" त्याचा चेहराच उतरला. "मग बाकीचे 67?"

"ते जागेचे, बिल्डरचे, एरियाचे. आग लागली तरी धायरी जागेवरच राहते ना? 85 लाख लिहिले तरी क्लेमला दुरुस्तीचा किंवा बांधकामाचा खर्चच मिळणार. हप्ता मात्र 85 वर जाईल."

माझं कमिशनही 85 वरच जास्त बसलं असतं, हेही सांगून टाकलं. ती हसली, तो नाही.

"आणि बँकेने लोनबरोबर विमा दिलाय की," तो म्हणाला. मी कागद मागितला. बहुतेकांची इथेच गल्लत होते. तो कर्जदाराच्या आयुष्याचा विमा होता. त्याला काही झालं तर कर्ज फिटणार. भिंत पडली तर एक रुपया नाही.

तिचा प्रश्न जास्त नेमका होता. "वरच्या बाथरूममधून ओल आली तर?"

"हळूहळू झिरपलेलं पाणी नाही मिळत. टाकी किंवा पाइप अचानक फुटून पाणी घरात आलं, तर मिळतं."

"आणि माझे दागिने? चोरी?"

"नुसती चोरी यात येत नाही. आग, पूर असं काही झालं आणि त्यामुळे सात दिवसांच्या आत चोरी झाली, तरच. एरवी घरफोडीचं कव्हर वेगळं घ्यायचं. दागिन्यांचंही वेगळं, त्यांची किंमत लिहून." दागिने सध्या आईच्या लॉकरमध्ये आहेत म्हणाली. मग तो विषय तिथेच सोडला.

"घरातल्या सामानाचं काय?" त्याने विचारलं.

"घराच्या रकमेच्या 20 टक्के, कमाल 10 लाख, यादी न देता आपोआप. तुमचे 3 लाख 60 हजार."

दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. "पण काका, घरात सध्या एक गादी आणि गॅसची शेगडीच आहे."

"तरी कव्हर तेवढंच. क्लेमला मात्र जे होतं त्याचेच पैसे. सोफा घ्याल तेव्हा बिल जपा, आणि फोटो घरात न ठेवता मोबाइलवर ठेवा."

तिने अ‍ॅग्रीमेंटवरच पेन्सिलने 18 लिहिलं आणि विचारलं, "सोफा कुठे स्वस्त मिळेल हो?"