‘प्रथिने बंद, मीठ कमी’

मराठवाड्यातील एका शासकीय रुग्णालयात आहारतज्ज्ञ म्हणून काम करताना लिव्हर सिरॉसिसच्या अनेक केसपेपरवर मला ‘प्रथिने बंद, मीठ कमी’ ही ओळ दिसते, आणि जालन्याकडच्या एका शेतकऱ्याच्या कागदावर ती दिसली तो दिवस अजून मनातून जात नाही. पोटात पाणी झालेले, दंड आणि कानशिले खोल गेलेली, रात्री जागरण आणि दिवसा झोप, हात पुढे धरले की पंजे फडफडत होते. त्यांच्या पत्नी म्हणाल्या, “मॅडम, दाळ-दूध बंद सांगितलंय म्हणून नुसती पेजच द्यायले.”

यकृताच्या आजारातला हा भ्रम डाळीने झालेला नव्हता. शौच साफ ठेवणारे लॅक्टुलोज हे औषध संपले होते आणि चार दिवस शौचाला झाले नव्हते. आजारी यकृताला न झेपणारा आणि भ्रम आणणारा अमोनिया काही प्रमाणात स्नायू जिरवतात, आणि प्रथिने तोडली की शरीर तेच स्नायू खाऊ लागते. त्यामुळे ही जुनी बंदी भ्रम कमी करत नाही, उलट त्याची वाट मोकळी करते. वजन 62 किलो भरले, पण पोटातील पाण्यासाठी सुमारे 15 टक्के वजा केल्यावर हिशेबाला 53 किलोच उरले. किलोमागे 1.2 ते 1.5 ग्रॅम म्हणजे दिवसाला 64 ते 80 ग्रॅम प्रथिने. निवासी डॉक्टरांनी हा हिशेब शांतपणे ऐकून आदेश बदलला, हे मुद्दाम नोंदवते, कारण तसे नेहमी होत नाही. लॅक्टुलोज सुरू झाले, आणि रुग्ण नीट जागे होऊन गिळू लागल्यावर मूगडाळ, दही, दूध थोडे थोडे करून दिवसभरात विभागले.

वॉर्डात जेवण साडेसहाला येते आणि नाश्ता साडेआठला. सिरॉसिसमध्ये यकृतातील साखरेचा साठा तुटपुंजा असल्याने एका रात्रीचा उपास निरोगी माणसाच्या दोन-तीन दिवसांच्या उपाशीपणासारखा स्नायूंवर पडतो. म्हणून रात्री दहाला, बसवून, पन्नास ग्रॅम पिठाची एक ज्वारीची भाकरी कपभर दुधात कुस्करून एक चमचा साखरेसह देण्यास सांगितले. त्यातून सुमारे 50 ग्रॅम कर्बोदके मिळतात. हे आदेशपत्रावर वेळेसह लिहिले नाही, तर रात्रपाळीत ते कोणी देत नाही.

‘मीठ कमी’ याचा अर्थ घरच्यांनी ‘मीठ बंद’ असा घेतला होता, आणि अळणी ताट निम्मे परत जात होते. उलट आम्लपित्तासाठी पाण्यात टाकायची फसफसणारी पावडर चालू होती, जिच्यात भरपूर सोडियम असते. ती कोणीच नोंदवली नव्हती. मी लिहिले: सोडियम दिवसाला 2 ग्रॅमपर्यंत, म्हणजे सगळे धरून मीठ 5 ग्रॅम, वरून घालायचे मीठ चहाचा सपाट पाऊण चमचा, तेही भाजीत; लोणचे, पापड, ती पावडर बंद; ‘कमी सोडियम’चे पर्यायी मीठ नको, कारण त्यात पोटॅशियम असते आणि पोटातले पाणी उतरवणारे स्पायरोनोलॅक्टोन हे औषधही ते वाढवते. त्याखाली प्रत्येक जेवणात किती खाल्ले याचा रकाना आखला. ताट निम्मे परत येत असेल तर मिठाची मर्यादा थोडी सैल करून खाणे वाचवणे मला योग्य वाटते.

दोन-तीन दिवसांत ते पत्नीला नावाने हाक मारू लागले. याचे मोठे श्रेय लॅक्टुलोजचे. डिस्चार्ज कार्डावर मात्र पुन्हा तोच ‘मीठ कमी’चा छापील शिक्का आला. मी त्याखाली चमच्याचे माप, रात्री दहाची भाकरी आणि ‘डाळ बंद करू नये’ असे हाताने लिहून दिले. गावातील डॉक्टर आधी शिक्का वाचतील की माझे अक्षर, हे मला ठाऊक नाही, आणि त्या शिक्क्याचा मजकूर बदलण्यासाठी दिलेला माझा अर्ज अजून टेबलावरच आहे.