कोरड्या डाळीच्या वजनावर बसवलेला आठवडा

पुण्यात खोली घेऊन राहायला लागले आणि खाणावळ सोडली, तेव्हा पहिला प्रश्न होता तो प्रथिनांचा. माझं वजन 55 किलो. जेवण शाकाहारी आणि धान्यावरच जास्त भर, म्हणून किलोमागे एक ग्रॅम, म्हणजे दिवसाला 55 ग्रॅम हे लक्ष्य धरलं.

आधी वाण्याच्या भावाने हिशेब मांडला. दहा ग्रॅम प्रथिनं पनीरमधून घेतली तर बावीसेक रुपये पडतात, तूरडाळीतून सात, हरभऱ्यातून साडेचार, आणि सोयाबीनच्या वड्यांतून जेमतेम अडीच. पनीर तिथेच यादीतून गेलं. वड्यांत प्रथिनं निम्म्याहून जास्त असली तरी रोज त्याच खाणं मला जमणारं नाही. गरम पाण्यात भिजवून, दोनदा पिळून रश्श्यात टाकल्या तर वास जातो, एवढं मात्र खरं.

खरी गोम मोजण्यात आहे. वाटीभर पातळ वरणात कोरडी डाळ वीसच ग्रॅम असते, म्हणजे प्रथिनं साडेचार ग्रॅम. वाटी भरलेली दिसते, पण त्यात बहुतेक पाणीच. मोड आलेली मटकीही फुगून अडीचपट होते, प्रथिनं मात्र कोरड्या मटकीत होती तेवढीच राहतात. म्हणून सगळं कोरडं असतानाच वजनकाट्यावर घालते.

साधा दिवस असा बसला: चार पोळ्यांतून 12, थोड्या भातातून 4, तीस ग्रॅम डाळीतून 7, चाळीस ग्रॅम मटकीच्या उसळीतून 9, पाव लिटर दुधादह्यातून 8, मूठभर शेंगदाण्यांतून 7. झाले 47. उरलेले 8 भाजीत टाकलेल्या पंधरा ग्रॅम वड्यांतून येतात. उसळ रोज बदलते: मटकी, चवळी, हरभरा, कुळीथ. डाळीत जे अमिनो आम्ल कमी असतं ते धान्यात मिळतं आणि धान्यातली उणीव डाळ भरून काढते, त्यामुळे पोळी-भात कमी करून नुसत्या डाळी वाढवण्यात अर्थ नाही. दळणात चार किलो गव्हाला अर्धा किलो हरभराडाळ घालूनही पाहिली. चार पोळ्यांमागे ग्रॅमभराचीच भर पडली, पण पोळ्या कोरड्या व्हायला लागल्या. बंद केलं.

अडचण आली ती गुरुवारी. उपवास मी सोडणार नव्हते आणि साबुदाण्यात प्रथिनं जवळपास नसतातच. खिचडीत जे काही असतं ते दाण्याच्या कुटाचं. आता त्या दिवशी साठ ग्रॅम राजगिऱ्याच्या पिठाचं थालीपीठ, दाण्याची आमटी आणि अर्धा लिटर दूध-दही घेते. एवढं करून 36 पर्यंत पोचते. उरलेले एकोणीस बाकीच्या सहा दिवसांत विभागले, म्हणजे रोज तीन-साडेतीन ग्रॅम जास्त, फुटाण्यांची छोटी मूठ. साबुदाणा एकादशीपुरता ठेवलाय, आणि त्या दिवशी हिशेब करत नाही.