लाल रंगातला मायनस

लातूरला एका कोचिंग क्लासमध्ये मी व्हिडिओ एडिटिंग करतो. सर पेन टॅब्लेटवर काळ्या पाटीवर लिहितात, त्याचं स्क्रीन रेकॉर्डिंग होतं आणि संध्याकाळपर्यंत लेक्चर मुलांच्या फोनवर जातं.

त्या दिवशी औसा तालुक्यातल्या एका मुलाचा फोन आला. "दादा, विद्युतप्रभाराचं गणित माझं उलटंच येतंय. सरांनी 2 गुणिले 10 चा घात 6 लिहिलंय ना?"

"घात मायनस 6, बाळा."

"मी चार डाव पाहिलो. मायनस दिसंनाच."

मी टाइमलाइन उघडली. मायनस तिथं ठळक लाल रंगात होता. सरांची सवय अशी की आकडे पांढऱ्या रंगात आणि जिथं मुलं चुकतात तेवढंच लाल रंगात लिहायचं. मग मुलानं पाहिला तसा 360पी चा व्हिडिओ फोनवर लावला. 10 स्वच्छ, 6 स्वच्छ आणि मधे काळपट तपकिरी डाग. नेमकी लक्ष द्यायची खूणच गेली होती.

पहिला संशय बिटरेटवर गेला. 360पी चीच प्रत मी तिप्पट बिटरेटनं पुन्हा काढली. डागाभोवतीचे ठिपके कमी झाले, पण डाग डागच राहिला. आकडे धड आणि फक्त लाल बिघडलेलं, म्हणजे घोळ रंगातच असणार. म्हणून एका फ्रेममधून उजेडाचा आणि लाल रंगाचा थर वेगळा काढला:

```
ffmpeg -ss 754 -i lec.mp4 -vf extractplanes=y -frames:v 1 y.png
ffmpeg -ss 754 -i lec.mp4 -vf extractplanes=v -frames:v 1 v.png
```

पहिलं चित्र 640×360 चं, दुसरं 320×180 चं. दुखणं तिथंच होतं. व्हिडिओ लाल-हिरवा-निळा असा साठवत नाहीत. उजेड एका थरात आणि रंग दुसऱ्या दोन थरांत असतो. डोळ्याला उजेडातला बारकावा जेवढा कळतो तेवढा रंगातला कळत नाही, म्हणून 4:2:0 पद्धतीत रंगाचे थर आडवे-उभे निम्मे करतात. चार पिक्सेलना मिळून एकच रंग. फोटोसारख्या चित्रात हे लक्षातही येत नाही.

मायनसचं काय झालं ते कागदावर मांडून पाहिलं. 1080पी मध्ये रेघ 3 पिक्सेल जाड होती, 360पी मध्ये 1 उरली. म्हणजे चारांच्या चौकटीत दोन पिक्सेल लाल, दोन काळे, आणि चौघांना रंग सरासरीचा. परत आकडे काढले तर रेघेचा लाल 255 वरून साधारण 155 वर येतो आणि शेजारचा काळा पिक्सेल 0 वरून 100 वर चढतो. रेघ मंदावली, शेजार लालसर झाला, कड संपली. त्यावर कॉम्प्रेशननं उरलासुरला फरक पुसला.

पांढरा 6 मात्र वाचला, कारण पांढऱ्यात रंग नाहीच. त्याचा सगळा आकार उजेडाच्या पूर्ण थरात आहे, आणि त्या थराची मोजपट्टी वेगळी: काळा 16, पांढरा 235. शुद्ध लाल त्याच थरात जेमतेम 63 भरतो, कारण एचडीच्या सूत्रात उजेडातला लालचा वाटा 0.2126 आणि हिरव्याचा 0.7152 आहे. निळ्याचा तर 0.0722, म्हणजे काळ्या पाटीवर गडद निळा लालपेक्षाही वाईट.

सरांना दोन्ही चित्रं दाखवली. ते म्हणाले, "पण पांढऱ्या फळ्यावर लाल चांगलं दिसतं की." प्रश्न रास्त होता. पांढऱ्यावर उजेडाचा फरक 235 आणि 63 चा, म्हणून आकार टिकतो. काळ्यावर तोच 63 आणि 16 चा. नड लाल रंगाची नाही, लाल आणि पाठीमागचा रंग यांच्या उजेडातल्या अंतराची आहे.

रेकॉर्डिंगमधला कलर फॉरमॅट NV12 होता, म्हणजे तोही 4:2:0 च. तो I444, म्हणजे 4:4:4, करून पूर्ण रंग ठेवता येतो, पण अपलोड केल्यावर पुन्हा 4:2:0 होतंच, आणि बहुतेक फोनचा डीकोडर 4:4:4 चालवत नाही. म्हणून पेनच बदलला. पिवळा उजेडाच्या थरात 219 भरतो. लाल अगदी हवाच असेल तर फिका, (255, 130, 130) असा. तो 150 च्या आसपास जातो.

सर ऐकून घेत होते, पण लाल सोडायला मन होत नव्हतं. तेव्हा फोनची स्क्रीन कृष्णधवल केली आणि त्यांच्याच पाटीचा स्क्रीनशॉट लहान करून समोर धरला. त्यात मायनस शोधायला त्यांना चष्मा लावावा लागला. त्यांनी पेनचा रंग तिथंच पिवळा केला.

जुन्या लेक्चरांत रंग रेकॉर्ड होतानाच निम्मा झालेला, तो परत येत नाही. म्हणून रात्री बसून सापडतील त्या लाल मायनसांवर पांढरी रेघ बसवली. त्या मुलाला फोन केला तेव्हा तो म्हणाला, "दिसायलंय आता. पण दादा, मागच्या लेक्चरात वर्ग चिन्हाचा 2 पण लाल होता, तो बघा."

तो मी बघितलाच नव्हता.