मोठ्या बाईंचं शेवटचं भाषण

आज माण तालुक्यातल्या आमच्या जिल्हा परिषद शाळेत मोठ्या बाईंचा निरोप समारंभ झाला. शाल, श्रीफळ झालं आणि बाई बोलायला उभ्या राहिल्या. शाळा किती बदलली ते सांगताना त्या बोलल्या फक्त तांदळाबद्दल.

१९९५ साली पोषण आहार योजना आली, तेव्हा शाळेत काही शिजत नव्हतं. पोराला महिन्याला तीन किलो तांदूळ घरी मिळायचा, पण हजेरी ८० टक्के भरली तरच. म्हणजे शाळा २५ दिवस भरली, तर २० दिवस हजर पाहिजे. चौथीतल्या एका मुलीचे १९ भरले होते. आई मजुरीला गेली की धाकट्या भावाला हीच सांभाळायची. वाटपाच्या दिवशी ती रिकामी पिशवी घेऊन रांगेत उभी राहिली. "मी हजेरीपट बदलला नाही. तिने पिशवीची घडी घातली आणि जाऊन वर्गात बसली," एवढं सांगून बाई थांबल्या. आम्हालाही मान वर करवेना.

पुढे २००१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने शिजवलेलं अन्न द्यायचा आदेश दिला आणि काही काळाने शाळेत खिचडी शिजू लागली. घरी नेलेला तांदूळ सगळ्या घरात वाटला जायचा, खिचडी मात्र पोराच्याच पोटात जाते. आज आलं त्याला आज जेवण, मागचे दिवस कोणी मोजत नाही. जेवायच्या सुट्टीत घरी गेलेली पोरं दुपारी परत यायची नाहीत, तेही थांबलं.

कार्यक्रम संपल्यावर बाई पोरांच्या पंगतीत बसून खिचडी जेवल्या.